शो सुटतो तेव्हा सरकत्या जिन्याचं गणित

मॉलचा सरकता जिना ताशी किती माणसं नेतो, असं विचारलं की बहुतेक वेळा एक गोंडस आकडा ऐकायला मिळतो : नऊ हजार. हा आकडा काढणं सोपं आहे. नेहमीची मोठी पायरी एक मीटर रुंद आणि सुमारे 40 सेंटिमीटर खोल असते. जिना सेकंदाला अर्धा मीटर सरकतो, म्हणजे मिनिटाला 75 पायऱ्या पुढे येतात. प्रत्येक पायरीवर दोन माणसं उभी राहिली की मिनिटाला दीडशे, तासाला नऊ हजार.

पण प्रत्येक पायरीवर दोन माणसं कधीच उभी राहत नाहीत. मॉलमध्ये पाच मिनिटं उभं राहून बघा. आई मुलाचा हात धरून थबकते, पायरी नीट उमलू देते आणि मग पाऊल टाकते. तेवढ्यात दोन पायऱ्या रिकाम्या निघून जातात. दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस अख्खी पायरी अडवतो. अनोळखी माणसाच्या अगदी मागच्या पायरीवर उभं राहणं कुणालाच आवडत नाही, त्यामुळे मध्ये एक पायरी आपोआप सुटते. म्हणूनच सरकत्या जिन्यांचं युरोपीय मानक, ईएन 115, याच जिन्यासाठी नियोजनाला ताशी जास्तीत जास्त 6,000 माणसं धरायला सांगतं, म्हणजे मिनिटाला शंभर. लहान मुलं, वयस्कर माणसं आणि खरेदीच्या पिशव्या असलेल्या आपल्या रविवारच्या गर्दीसाठी मी मिनिटाला 75 च धरीन.

वेग वाढवला तर? त्याच मानकात सेकंदाला 0.65 मीटर वेगाच्या जिन्याची क्षमता 7,300 दिली आहे. वेग तीस टक्क्यांनी वाढला, माणसं मात्र बावीसच टक्क्यांनी. 0.75 मीटरला वेग दीडपट होतो, पण आकडा 8,200 वरच थांबतो. याचं कारण जिन्याच्या तोंडाशी आहे. पट्टी जितकी जोरात पळते तितकी माणसं चढताना जास्त बिचकतात. अडतं ते चढण्याच्या त्या एका पावलाशी, मोटरशी नाही.

आता खरा प्रश्न : किती जिने लागतील? इथे हमखास होणारी चूक म्हणजे ताशी सरासरी काढणं. एक उदाहरण मांडून बघू. चार मजली मॉल, तिसऱ्या मजल्यावर मल्टिप्लेक्स आणि शेजारी फूड कोर्ट. रविवारी संध्याकाळी तीन पडद्यांवरचे शो एकदमच सुटतात आणि मिळून 600 प्रेक्षक सहा मिनिटांत बाहेर पडतात, म्हणजे मिनिटाला शंभर. फूड कोर्टमधून मिनिटाला वीस माणसं खाली निघालेलीच असतात. उतरणारा जिना एकच.

तासाचा हिशेब केला तर चित्र छान दिसतं. 600 प्रेक्षक आणि फूड कोर्टचे 1,200 मिळून 1,800 माणसं, आणि जिना ताशी 4,500 नेणारा. चाळीस टक्केच वापर! आता तेच मिनिटांत बघा. जिन्याकडे 120 माणसं येतात आणि 75 उतरतात. 45 मागे राहतात. सहा मिनिटांत 270 माणसांचा घोळका साचतो. माणशी अर्धा चौरस मीटर जागा धरली तरी पाच मीटर रुंदीचा बोळ 27 मीटर लांबीपर्यंत गच्च भरतो. शेवटच्या माणसाला साडेतीन मिनिटांहून जास्त थांबावं लागतं आणि घोळका विरायला आणखी पाच मिनिटं जातात. लिफ्टने आणि साध्या जिन्याने काही जण जातील, पण भरलेली लिफ्ट खाली जाऊन परत यायला दोन-तीन मिनिटं घेते, तेव्हा तिच्यावर फार विसंबता येत नाही. म्हणून तास सोडून गर्दीची पाच मिनिटं मोजायची. कुठल्याही मॉलच्या आराखड्यात मी हीच संख्या सर्वांत आधी बघतो.

साहजिकच वाटतं, तिसऱ्या मजल्यावर उतरणारा आणखी एक जिना लावू. तिथली रांग मोडेल खरी. पण मग मिनिटाला 120 माणसं दुसऱ्या मजल्यावर पोचतील, तिथले 25 गिऱ्हाईक त्यांत मिसळतील आणि खाली जाणारा जिना तिथे एकच असेल. घोळका मोडलेला नाही, फक्त एक मजला खाली सरकला आहे, आणि ही जागा जास्त धोक्याची आहे. वरची रांग बोळात उभी होती. खालची रांग चालू जिन्याच्या पायथ्याशी उभी राहते आणि वरून येणारा जिना दर मिनिटाला माणसं ओततच राहतो. पुढचा सरकला नाही तरी मागच्याला थांबता येत नाही; पायाखालची पायरी त्याला पुढे ढकलते. म्हणून क्षमता तळमजल्यापासून वर वाढवत न्यायची असते. एकामागोमाग लागणाऱ्या दोन जिन्यांमध्ये बाहेर पडायला वाट नसेल, तर दोन्हींची क्षमता सारखीच हवी, असं मानकही सांगतं.

जिना संपतो तिथली मोकळी जागाही क्षमतेचाच भाग आहे. ती साधारण अडीच मीटर खोल हवी. जागेची रुंदी पुरेशी वाढवली तरच दोन मीटरवर भागतं. नेमकी हीच जागा भाड्याने देण्याचा मोह मॉलला होतो, कारण तिथून प्रत्येक गिऱ्हाईक जातं. परफ्यूमचा स्टॉल किंवा बक्षिसाची गाडी तिथे मांडलेली दिसली की मला खरोखर राग येतो. मिनिटाला 75 माणसं उतरत असताना पुढचा माणूस दहा सेकंद थबकला, तर मागे बारा माणसं येऊन ठेपतात आणि त्यांना पाय ठेवायला जागा नसते.

नेमकं कुठे अडतंय, हे कुणालाही ओळखता येतं. खाली रांग आहे आणि वर जाणाऱ्या पायऱ्या मात्र रिकाम्या जात आहेत, तर चढण्याच्या तोंडाशी अडचण आहे. रेलिंग लावून रांग सरळ केली की फरक पडतो. पायऱ्या भरून जात असतील तर जिनाच अपुरा आहे. आणि उतरलेली माणसं कंगव्यासारख्या दातेरी पट्टीच्या पुढेच खोळंबत असतील, तर जागा मोकळी करा. तिथे नवा जिना लावून उपयोग नाही.

सुपरमार्केटच्या उतरत्या सरकत्या पट्टीचं गणित आणखी वेगळं. ट्रॉलीची चाकं पट्टीच्या खाचांत बसून अडकतात, म्हणून ती जागची हलत नाही. पण एक ट्रॉली बरीच जागा खाते. ट्रॉल्या असतील तर क्षमता सुमारे 80 टक्क्यांनी घटते, असं मानक सांगतं. मिनिटाला शंभरांची पट्टी विसांवर येते. शिवाय पट्टीचा उतार 12 अंशांपेक्षा जास्त नसावा, त्यामुळे पाच मीटर उंचीच्या मजल्याला ती 24 मीटर लांब होते आणि माणूस तिच्यावर पाऊण मिनिटाहून जास्त उभा राहतो. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तळघरातल्या किराणा दुकानासाठी एकच पट्टी धरली असेल, तर ती पहिल्या तासातच तुंबेल.

आपल्या मल्टिप्लेक्सवर सर्वांत स्वस्त उपाय वेळापत्रकात आहे. तिन्ही शोंच्या सुटण्याच्या वेळा दहा-दहा मिनिटांनी पुढेमागे केल्या, तर एका वेळी 200 प्रेक्षक पाचेक मिनिटांत बाहेर येतील, म्हणजे मिनिटाला 40. फूड कोर्टचे 20 धरून 60 झाले. जिना 75 नेतो. रांगच लागत नाही. ते जमत नसेल तर वर जाणारा जिना त्या दहा मिनिटांपुरता खाली फिरवता येतो. मात्र आधी तो पूर्ण रिकामा करायचा, थांबवायचा आणि मगच किल्लीने दिशा बदलायची. शिवाय खालच्या मजल्यावरचाही फिरवायचा, नाहीतर घोळका तिथे साचेल. आणि उतरणारा जिना दुरुस्तीला बंद असेल त्या रविवारी शोंच्या वेळा एकत्र आणायच्याच नाहीत. बंद सरकता जिना साध्या जिन्यासारखा वापरू देणंही बरोबर नाही, कारण त्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या पायऱ्यांची उंची असमान असते आणि उतरणारा माणूस नेमका तिथे अडखळतो.