नुकसान नाही, तरी नफा परत

जून 1969. इंग्लंडमधल्या एका बांधकाम-सल्लागार कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक आपल्या अध्यक्षांना भेटला आणि म्हणाला, तब्येत साथ देत नाही, मला मोकळे करा. माणूस आजारी आहे म्हटल्यावर अध्यक्षांनीही नोटिशीच्या मुदतीवरून फार ताणले नाही. 1 ऑगस्टपासून त्याची सुटका झाली. प्रत्यक्षात तो ठणठणीत होता. त्याच महिन्यात त्याने ईस्टर्न गॅस बोर्डाचे चार डेपो उभारण्याचे मोठे काम स्वतःच्या नावावर घेतले.

हा नेव्हिल कूली. पेशाने वास्तुविशारद, आधी सरकारी गॅस क्षेत्रात बरीच वर्षे नोकरी केलेला. त्या ओळखींवर कामे मिळतील म्हणूनच इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कन्सल्टंट्स या कंपनीने त्याला आणले होते. कंपनीने याच गॅस बोर्डाकडे आधी प्रयत्नही केला होता, पण बोर्डाला तिची काम करण्याची पद्धतच पसंत नव्हती. मग बोर्डाच्या उपाध्यक्षांनी कूलीला भेटायला बोलावले. तुम्ही लवकर मोकळे होऊ शकलात तर हे काम तुम्हाला मिळू शकते, असा त्या भेटीचा रोख होता. पुढचे दोन दिवस कूली बोर्डासाठी कागद तयार करत बसला, तेही कंपनीच्या पगारावर असताना. त्यानंतर आजारपण निघाले.

कंपनीने दावा लावला तेव्हा कूलीचा बचाव वरवर पाहता बिनतोड होता. बोर्डाने मला व्यक्ती म्हणून बोलावले, संचालक म्हणून नाही. शिवाय कंपनीला हे काम मिळणारच नव्हते, मग तिचे काय गेले? 1972 मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती रॉस्किल यांनी दुसऱ्या मुद्द्यातले तथ्य मान्यच केले. कूली प्रामाणिक राहिला असता तर कंपनीला काम मिळण्याची शक्यता फार तर दहा टक्के होती, असे त्यांनी नोंदवले. कंपनीने नुसती नुकसानभरपाई मागितली असती, तर या दहा टक्क्यांच्या हिशेबाने तिच्या पदरात थोडकेच पडले असते. पण तिने नफ्याचा हिशेब मागितला होता, आणि कोर्टाने कूलीला सगळाच्या सगळा नफा कंपनीला द्यायला लावला. एक पाय कंपनीत असताना एक माणूस दोन टोप्या घालू शकत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. कंपनीला उपयोगी पडेल अशी माहिती हाती आली की ती कंपनीला सांगायची, मग ती चहाच्या टेबलावर मिळालेली का असेना.

कायद्याच्या दृष्टीने संचालक हा कंपनीच्या मालमत्तेचा आणि संधींचा जवळपास विश्वस्त असतो. म्हणूनच इथे ‘कंपनीचे किती गेले’ हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि ‘तुझ्याकडे किती आले’ हा मुख्य. हा नियम किती कडक आहे ते कूलीपेक्षा त्याच्या आधीच्या एका खटल्यात जास्त दिसते, कारण तिथे कोणी खोटे बोललेच नव्हते. 1935 मध्ये हेस्टिंग्ज गावातल्या रीगल या सिनेमागृहाच्या कंपनीला आणखी दोन थिएटरे भाड्याने घ्यायची होती. त्यासाठी काढलेल्या उपकंपनीत 5,000 पौंडांचे भांडवल लागणार होते आणि रीगलकडे 2,000 च होते. उरलेले शेअर अध्यक्षांनी जमवलेल्या मंडळींनी, कंपनीच्या वकिलाने आणि चार संचालकांनी घेतले. संचालकांनी प्रत्येकी 500. काही आठवड्यांतच सगळे शेअर विकले गेले आणि दर शेअरमागे सुमारे 2 पौंड 16 शिलिंग सुटले. नव्या मालकांनी कंपनीच्या नावाने जुन्या संचालकांवर दावा केला. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1942 मध्ये चौघांनाही प्रत्येकी सुमारे 1,400 पौंड परत करायला लावले. त्यांच्या प्रामाणिकपणावर कोर्टाने शंका घेतली नाही, पैसा त्यांचा स्वतःचा होता हेही मान्य केले. संचालक असल्यामुळेच ही संधी हाती आली, एवढे पुरेसे ठरले. वकील मात्र सुटला, कारण त्याने संचालक मंडळाच्या संमतीने शेअर घेतले होते. संचालकांना ती सोय नव्हती. मंडळ म्हणजे तेच. त्यांनी भागधारकांच्या सभेत ठराव करून घेतला असता, तर एक पौंडही परत द्यावा लागला नसता.

या निकालाने मला थोडे अस्वस्थ केले आहे. नव्या मालकांनी ठरलेली किंमत मोजून कंपनी घेतली आणि त्यातला काही भाग कोर्टामार्फत परत मिळवला. हा घबाडयोग त्या कोर्टातल्या न्यायाधीशांच्याही नजरेतून सुटला नव्हता. तरी नियम ढिला करणे त्यांनी टाळले. संचालकाच्या मनात काय होते याचा शोध कोर्टे घेत बसली, तर कूलीसारखे आजारी लोक वाढतील, हा धोका मोठा.

आपल्याकडे कंपनी कायदा 2013 च्या कलम 166 मध्ये हे कर्तव्य लेखी आले. संचालकाने स्वतःसाठी, नातेवाइकांसाठी किंवा भागीदारांसाठी गैरवाजवी लाभ मिळवू नये, आणि मिळवल्याचे सिद्ध झाले तर तेवढीच रक्कम कंपनीला द्यावी. शिवाय एक ते पाच लाखांचा दंड. प्रत्यक्षात हे कसे दिसते? समजा, एखाद्या कारखान्याचा खरेदी पाहणारा संचालक महिन्याला 40 टन कच्चा माल एकाच पुरवठादाराकडून घेतो. दर बाजारभावानेच, त्यामुळे लेखापरीक्षकालाही खटकत नाही. पण पुरवठादार किलोमागे 2 रुपये ‘कमिशन’ म्हणून संचालक आणि त्याचा मेहुणा यांच्या भागीदारी फर्मला देतो. महिन्याला 80 हजार, दोन वर्षांत 19 लाख 20 हजार. कारखान्याच्या वह्यांत यातला एकही रुपया दिसत नाही.

सापडतो तो बहुधा कडेकडेने. दरवर्षी आर्थिक वर्षातल्या पहिल्या बैठकीत संचालकाला एमबीपी-1 या फॉर्मवर आपले हितसंबंध जाहीर करावे लागतात, आणि त्यात या फर्मचे नाव नसते. पुरवठादाराने कमिशनवर कापलेला टीडीएस फर्मच्या पॅनवर नोंदलेला असतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘कंपनीला दर वाजवीच पडला’ हे उत्तर मग चालत नाही; उलट, दोन रुपये सोडायला पुरवठादार तयार होता म्हणजे ती सूट कंपनीने मागायला हवी होती, असा वाद उभा राहतो.

खरी अडचण दावा लावायचा कोणी, ही. हक्क कंपनीचा, आणि कंपनीचा निर्णय संचालक मंडळाचा. घरच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तर मंडळ म्हणजे बहुधा दोन भाऊ आणि त्यांच्या बायका. म्हणून अशी प्रकरणे बाहेर येतात ती वाटण्या झाल्यावर, कंपनी विकल्यावर किंवा दिवाळखोरीत नवा माणूस वह्या उघडतो तेव्हा. अल्पसंख्य भागधारक कंपनी न्यायाधिकरणात जाऊ शकतात, पण पुराव्याचे कागद दुसऱ्या बाजूच्या कपाटात असतात. मुदतीच्या बाबतीत मात्र कायदा त्यांच्या बाजूने थोडा झुकतो: व्यवहार कपटाने लपवला असेल तर दाव्याची मुदत तो घडल्यापासून नव्हे, कळल्यापासून मोजतात.