पन्नास मायक्रोव्होल्टचा हिशेब

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वेस्टन घट अजून चालू स्थितीत आहे आणि त्यावर विद्यार्थ्यांकडून एन्ट्रॉपी मोजून घेतली जाते, एवढ्या माहितीवर संपादकांनी मला तिकडे पाठवले. विभागप्रमुख मॅडमनी मला थेट मामांच्या हवाली केले. मामा म्हणजे तिथले प्रयोगशाळा सहायक. घट त्यांच्या ताब्यात आहे, आणि तो हलवायचा असेल तर मॅडमसुद्धा त्यांना विचारतात.

घट म्हणजे इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे, बंद तोंडाचे काचेचे भांडे. दोन उभ्या नळ्या, मध्ये त्यांना जोडणारी आडवी नळी आणि दोन्ही तळांना काचेत वितळवून बसवलेल्या प्लॅटिनमच्या तारा. एका नळीत तळाला पारा आणि त्यावर मर्क्युरस सल्फेटचा मळकट लेप. दुसऱ्या नळीत कॅडमियम आणि पाऱ्याचे अमाल्गम. दोन्हींवर कॅडमियम सल्फेटचे पांढरे स्फटिक आणि वर त्याचेच संतृप्त द्रावण. मामांनी भांडे न उचलता मागून विजेरी धरली आणि म्हणाले, "खडे दिसतात का बघा. खडे नसतील तर पुढचं सगळं गणित वाया." या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वेळाने कळला.

इतिहास थोडक्यात असा. १८७०च्या दशकात लॅटिमर क्लार्क यांनी जस्त वापरून प्रमाण घट बनवला. त्याचे विभव तापमानाबरोबर फार बदलत असे. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत न्यूअर्कला कारखाना काढलेले एडवर्ड वेस्टन यांनी जस्ताच्या जागी कॅडमियम घातले आणि १८९३ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. १९०८च्या लंडन परिषदेनंतर हाच घट जगभर व्होल्टचा मापदंड झाला. पुढे जोसेफसन परिणामावर चालणाऱ्या अतिवाहक जोडण्यांनी ती जागा घेतली आणि १९९० पासून सगळे जग व्होल्टसाठी त्यांचाच ठरलेला स्थिरांक वापरू लागले.

मला मात्र घटाच्या दुसऱ्या कामात रस होता. घटातून वीज मिळते ती आतल्या रासायनिक अभिक्रियेमुळे. १८५१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी असे धरले होते की अभिक्रियेची सगळी उष्णता विजेत उतरते. डॅनियल घटाचे आकडे या समजुतीशी छान जुळत आणि म्हणून ती टिकली. पण ते आकडे जुळत होते ते योगायोगाने. डॅनियल घटाचे विभव तापमानाबरोबर जवळजवळ बदलतच नाही. विभव बदलणारे घट तपासल्यावर हिशेबात तफावत दिसू लागली. गिब्ज यांनी, आणि त्यांच्यापाठोपाठ १८८२ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी, ही तफावत नेमकी कुठे जाते ते दाखवले. घटातून मिळू शकणारे जास्तीत जास्त विद्युत कार्य म्हणजे मुक्त ऊर्जेतील घट. अभिक्रियेची एन्थॅल्पी म्हणजे तिची एकूण उष्णता. या दोहोंतला फरक घट भोवतालच्या हवेला किंवा तेलाला देतो, नाहीतर तिथून घेतो. हा फरक म्हणजे केल्विनमधले तापमान गुणिले एन्ट्रॉपीतील बदल. एन्ट्रॉपीतील बदल शोधायला उष्णतामापक लागत नाही. तापमान एक अंशाने वाढवल्यावर विभव किती बदलते ते पाहिले की पुरे:

ΔG = −nFE
ΔS = nF(dE/dT)
ΔH = ΔG + TΔS

इथे n म्हणजे अभिक्रियेत हस्तांतरित होणारे इलेक्ट्रॉन आणि F म्हणजे फॅरेडे स्थिरांक, 96485 कूलोम प्रति मोल.

वेस्टन घटात कॅडमियमचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, मर्क्युरस सल्फेट ते घेते आणि त्याचा पारा होतो. म्हणून n म्हणजे 2. घटाचे विभव 20 अंश सेल्सियसला 1.01864 व्होल्ट असते. १९०८चे आंतरराष्ट्रीय सूत्र वापरले तर ते 25 अंशांना 1.01841 आणि 30 अंशांना 1.01815 येते. दहा अंशांत फरक अवघा 0.49 मिलिव्होल्ट, म्हणजे दर अंशाला सुमारे 49 मायक्रोव्होल्टची घट. मॅडमनी फळ्यावर मांडलेला हिशेब असा होता. 2 गुणिले 96485 गुणिले उणे 0.000049, म्हणजे एन्ट्रॉपीतील बदल उणे 9.5 ज्यूल प्रति केल्विन. त्याला 298 ने गुणले की उणे 2.8 किलोज्यूल. विभवावरून मुक्त ऊर्जेतील बदल उणे 196.5 किलोज्यूल. दोन्हींची बेरीज, म्हणजे एन्थॅल्पीतील बदल, उणे 199.3 किलोज्यूल. म्हणजे हा घट अगदी सावकाश वापरला तर जवळजवळ दोनशे किलोज्यूलपैकी तीनहून कमी किलोज्यूल उष्णता बाहेर जाईल आणि बाकी सगळी ऊर्जा वीज म्हणून मिळेल. एक ठिणगी न पडता, काहीही न जाळता, नुसते विभव आणि तापमान वाचून अभिक्रियेची उष्णता हाती येते, हे मला आजही विलक्षण वाटते.

हाच हिशेब क्लार्क घटाचा केला की वेस्टन यांनी काय साधले ते कळते. क्लार्क घटाचे विभव 15 अंशांच्या आसपास दर अंशाला सुमारे 1.2 मिलिव्होल्टने उतरते. एन्ट्रॉपीतील बदल सुमारे उणे 230 ज्यूल प्रति केल्विन, म्हणजे वेस्टनच्या चोवीस पट. उष्णता म्हणून बाहेर पडणारा वाटा सुमारे 66 किलोज्यूल. दोन्ही घटांची रचना सारखीच, बदलला तो फक्त धातू आणि त्याचे मीठ. मग एवढा फरक का?

उत्तर त्या खड्यांत आहे. घट चालू लागला की धातू द्रावणात उतरतो. पण द्रावण आधीच संतृप्त असल्याने तेवढेच मीठ स्फटिक होऊन बाहेर पडते आणि जाताना पाणीही बांधून नेते. झिंक सल्फेटचा स्फटिक आपल्यासोबत पाण्याचे सात रेणू नेतो. तेवढे पाणी कमी झाले की आधी विरघळलेले आणखी मीठ बाहेर येते आणि प्रत्येक स्फटिकासोबत थोडी उष्णता सुटते. शिवाय झिंक सल्फेटची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. कॅडमियम सल्फेटचा स्फटिक सरासरी अडीचपेक्षा थोडेसेच जास्त रेणू पाणी घेतो आणि त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर फारशी हलत नाही. त्यामुळे या घटात सुव्यवस्था आणि अव्यवस्था यांचा जमाखर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो. प्रमाण घटाला जे हवे तेच हे.

पण पद्धत शिकवायला हाच घट सगळ्यांत अवघड ठरतो, आणि मॅडम मुद्दाम हाच वापरतात. साधा मीटर मिलिव्होल्टपर्यंत वाचतो. वीस अंशांच्या अंतरावरच्या दोन वाचनांत एकेका मिलिव्होल्टची चूक धरली तर उतारात दर अंशाला सुमारे 70 मायक्रोव्होल्टची अनिश्चितता येते. जे मोजायचे ते 49 आणि चूक 70. एन्ट्रॉपीचे चिन्हसुद्धा उलटे येऊ शकते. एन्थॅल्पी मात्र दोनच टक्क्यांनी बिघडते, कारण तिचा मोठा भाग थेट विभवातून येतो. विद्यार्थी एन्थॅल्पी बरोबर आली म्हणून खूश होतात. मॅडम त्यांना एन्ट्रॉपीचा आकडा चुकीच्या पट्ट्यासह लिहायला लावतात. माझ्या मते या प्रयोगाचा खरा धडा तोच आहे.

चांगला मीटर आणला तरी काम संपत नाही. डिजिटल मीटरचा आतला रोध 10 मेगाओहम धरला तर तो घटातून सतत 0.1 मायक्रोअँपिअर प्रवाह ओढतो. घटाचा स्वतःचा रोध पाचशे ओहम असेल तर तेवढ्यावरच 50 मायक्रोव्होल्ट गमावले जातात, म्हणजे एका पूर्ण अंशाइतके. शिवाय तापमान बदलले की हा रोधही बदलतो, त्यामुळे चूक वजाबाकीत पुरती जात नाही. म्हणून इथे अजून पोटेन्शिओमीटर आहे. समतोलाच्या क्षणी तो घटातून काहीच घेत नाही. समतोल सापडेपर्यंतचा प्रवाह टाळायला मामा घटाच्या ओळीत मोठा रोध ठेवतात आणि शेवटच्या वाचनालाच तो काढतात.

मामांची जास्त काळजी असते ती दोन नळ्यांच्या तापमानाची. पाऱ्याच्या नळीचे विभव एकट्याने पाहिले तर दर अंशाला सुमारे 310 मायक्रोव्होल्टने एका बाजूला जाते, अमाल्गमच्या नळीचे सुमारे 350 ने दुसऱ्या बाजूला. आपण ज्याला पन्नासाच्या आतला गुणांक म्हणतो तो या दोन मोठ्या आकड्यांचा उरलेला फरक आहे. एक नळी दुसरीपेक्षा एका अंशाने गरम असेल तर तीनशे मायक्रोव्होल्टची चूक होते, म्हणजे सगळा घट सहा अंशांनी तापवल्याइतकी. म्हणून घट तेलाच्या मोठ्या कुंडात बुडवलेला, तेल सतत ढवळलेले आणि तापमापी दोन्ही नळ्यांशेजारी. पंखा बंद. खिडकीतून ऊन येऊ नये म्हणून काळा पडदाही असतो, कारण उजेडाने मर्क्युरस सल्फेट बिघडते.

यापुढची अडचण वेळेची आहे. तेल नव्या तापमानाला आले म्हणून घट आला असे होत नाही. स्फटिकांना थोडे विरघळायला किंवा थोडे वाढायला, आणि तयार झालेले द्रावण सगळीकडे सारखे व्हायला अवकाश लागतो. तापमान बदलले की विभव काही काळ चुकीच्या जागी जाऊन हळूहळू परत येते. मोठ्या बदलानंतर यात कित्येक दिवस जाऊ शकतात. मामांची कसोटी सोपी आहे. चढत्या तापमानाची वाचने आणि उतरत्या तापमानाची वाचने एकाच रेषेवर बसली पाहिजेत. दोन वेगळ्या रेषा आल्या तर घट समतोलात नव्हता आणि वरची तिन्ही सूत्रे लागू नाहीत, कारण ती समतोलातल्या घटासाठीच आहेत. एका तासाच्या प्रात्यक्षिकात हे जमणे शक्य नाही. म्हणून इथे आठवड्यातून एक तापमान घेतले जाते आणि वाचने पुढच्या तुकडीसाठी वहीत राहतात. परीक्षेच्या वेळापत्रकात ही वही बसत नाही. अशी वही ठेवणारे माणूस निवृत्त झाल्यावर ती कोण ठेवणार, ही काळजी मॅडमनी माझ्याजवळ बोलून दाखवली.

आलेखही सरळ रेषा नसतो. गुणांक 20 अंशांना 41 च्या आसपास, 30 अंशांना 57 च्या आसपास. सुमारे 3 अंशांना तो शून्य होतो आणि त्याखाली विभव तापमानाबरोबर वाढते. त्यामुळे 25 अंशांची एन्ट्रॉपी हवी तर स्पर्शिका 25 वरच काढावी लागते, किंवा दोन्ही बाजूंना समान अंतरावरचे बिंदू घ्यावे लागतात. वर मी 20 आणि 30 घेतले ते यासाठी. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. 43 अंशांच्या थोडे पुढे हे स्फटिक पाणी सोडून एकजलीय रूपात जातात. तिथे अभिक्रियाच बदलते आणि आधीच्या रेषेला काही अर्थ उरत नाही.

आता मामांच्या खड्यांविषयी. अनेक महाविद्यालयांत लाकडी पेटीतला जो घट असतो तो असंतृप्त प्रकारचा. त्यात स्फटिक नसतात, विभव 1.019 व्होल्टच्या आसपास असते आणि तापमान गुणांक आणखी कितीतरी कमी. उपकरणांची तपासणी करायला तो उत्तम. पण त्यात तयार झालेले कॅडमियम सल्फेट स्फटिक न होता द्रावणातच राहते. म्हणजे अभिक्रिया वेगळी आणि पुस्तकातल्या संतृप्त घटाच्या आकड्यांशी त्याची तुलना करणे चूक. विद्यार्थ्याने एन्ट्रॉपी जवळजवळ शून्य काढली तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

तुमच्या महाविद्यालयाच्या कपाटात असा घट असेल तर आधी उजेडात खडे दिसतात का ते पाहा. तो आडवा करू नका, दोन टोके तारेने जोडू नका. आणि मोडीत काढायचा झालाच तर कचऱ्यात टाकू नका. आत पारा आणि कॅडमियम दोन्ही आहेत, त्यांची विल्हेवाट धोकादायक कचऱ्याच्या नियमांनीच लावायला हवी.