मजकुराचा धनी

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी आणि तिच्या आसपासच्या गावांतून पदवीच्या वर्गात जाणाऱ्या विद्यार्थ्याला पर्यावरण अभ्यासाच्या सक्तीच्या विषयासाठी जेव्हा प्रकल्पवही सादर करावी लागते, तेव्हा त्याची दृष्टी साहजिकच आपल्याच तालुक्यातील लोणारच्या विवराकडे वळते. आणि विषय एक, हाताशी असलेली साधने तीच, मुदतही तीच, अशा स्थितीत निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतील मजकूर परस्परांशी शब्दशः जुळू लागला, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. नवल असते ते निराळ्याच गोष्टीचे. एका वहीत विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे दिलेले असते, दुसरीत पावणेसहा लाख. आणि दोन्ही आकडे इतक्या निःशंकपणे लिहिलेले असतात, की परीक्षकाने 'यातले खरे कोणते?' असे विचारताच दोन्ही वह्यांचे धनी सारखेच निरुत्तर होतात.

वस्तुतः दोन्ही आकड्यांना शास्त्रीय आधार आहे. खडकाला उष्णता देऊन त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून काळ ठरविण्याची जी थर्मोल्युमिनेसन्स पद्धत आहे, तिने पहिला आकडा दिला. आणि आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या पद्धतीने जूर्दां व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'जिऑलॉजी' या नियतकालिकात दुसरा आकडा प्रसिद्ध केला. ज्या विद्यार्थ्याने आकड्यासोबत त्याचा आधारही टिपून ठेवला, त्याला हा विरोध उलगडून सांगता येतो. ज्याने केवळ आकडा उचलला, त्याच्या हाती अर्धीच माहिती राहते. आधार देणे हा मूळ लेखकाविषयीचा शिष्टाचार आहे हे खरेच. परंतु त्याआधी ती लिहिणाऱ्याच्या विधानाची सनद आहे.

हा आधार कसा द्यावा आणि दुसऱ्याचा मजकूर आपल्या लेखनात कोणत्या मर्यादेत आणावा, हे एका परिच्छेदावरून पाहू. पुढील परिच्छेद या विवेचनापुरताच रचलेला आहे. तो 'क्ष' नामक लेखकाच्या २०१९ सालच्या पुस्तकात ४१व्या पृष्ठावर आहे असे समजू.

"लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झाले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते; मात्र २०११ साली आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनात ते पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास आले. ही तफावत दहापटींहून अधिक असल्याने विवराच्या वयाचा प्रश्न केवळ आकड्याचा न राहता पद्धतीचा झाला आहे."

या तीन वाक्यांत तीन प्रकारची मालमत्ता आहे. विवर बेसाल्टमध्ये उल्काघाताने झाले, ही गोष्ट आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते आणि तिजबद्दल वाद उरलेला नाही. ती सामान्य ज्ञानात जमा झाल्याने तिला आधार दिला नाही तरी चालते. दुसऱ्या वाक्यातील दोन आकडे मात्र कोणीतरी प्रयोगशाळेत श्रम करून काढलेले आहेत. ते आधाराविना लिहिता येत नाहीत. तिसऱ्या वाक्यात ना मापन आहे ना वर्णन. तेथे आहे तो क्ष यांचा विचार, आणि तो आपण सर्वस्वी निराळ्या शब्दांत मांडला तरी त्याचे स्वामित्व क्ष यांच्याकडेच राहते. पुष्कळ विद्यार्थी आकड्याला आधार देतात आणि विचार मात्र आपल्या नावावर खपवितात. त्यांत लबाडीपेक्षा, विचारालाही मालक असतो हे कोणी सांगितलेले नसणे, हेच कारण अधिक असते.

आता पुष्कळ वह्यांतून आढळणारा प्रकार पाहू. "लोणारचे विवर काळ्या कातळात उल्केच्या आघाताने तयार झाले असून त्याची रुंदी साधारण १.८ किलोमीटर आहे. थर्मोल्युमिनेसन्स तंत्राने त्याचे आयुष्य अंदाजे ५२ हजार वर्षे निघाले होते; परंतु २०११ मध्ये आर्गॉन तंत्राने केलेल्या मोजणीत ते पावणेसहा लाख वर्षांच्या जवळपास आले." लिहिणाऱ्याची प्रामाणिक समजूत अशी असते, की शब्द बदलले म्हणजे मजकूर आपला झाला. परंतु वाक्यांचा क्रम तोच आहे, अर्धविरामही त्याच जागी आहे, 'मात्र'च्या ठिकाणी 'परंतु' येऊन बसला आहे, आणि वयाचे 'आयुष्य' करण्याच्या भरात अर्थही बिघडला आहे, कारण आयुष्य हे संपणाऱ्या गोष्टीचे असते. याच्या शेवटी कंसात क्ष यांचे नाव घातले तरी दोष पुरता जात नाही. कारण नुसते नाव दिल्याने विचार क्ष यांचा आणि वाक्यरचना विद्यार्थ्याची, असा वाचकाचा समज होतो, आणि तो खोटा असतो.

योग्य रीतीने स्वतःच्या शब्दांत मांडलेला मजकूर कसा असेल? "लोणारच्या विवराचे वय सांगण्यापूर्वी ते कोणत्या पद्धतीने मोजले हे सांगणे प्राप्त आहे. क्ष (२०१९, पृ. ४१) यांच्या मते या वादाचे मूळ पद्धतीत आहे, कारण थर्मोल्युमिनेसन्सने आलेली सुमारे ५२ हजार वर्षे आणि २०११ मधील आर्गॉन मापनाची पावणेसहा लाख वर्षे यांत दहापटींहून अधिक अंतर पडते." येथे विद्यार्थ्याने आपल्याला हवा असलेला मुद्दा आधी आणला, व्यासाचा अनावश्यक तपशील गाळला, आणि क्ष यांचे नाव त्यांच्या विचाराच्या आरंभीच ठेवले, त्यामुळे कोणते वाक्य स्वतःचे आणि कोठून क्ष यांचे प्रतिपादन सुरू झाले, ही सरहद्द स्पष्ट झाली. थर्मोल्युमिनेसन्स, आर्गॉन, मापन हे शब्द तेच राहिले याला हरकत नाही. पारिभाषिक संज्ञेला प्रतिशब्द शोधत बसू नये.

हे साधण्याची रीत सोपी आहे. परिच्छेद दोनदा वाचून पुस्तक मिटावे. त्यातला आशय एखाद्या सहाध्यायाला सांगावा तसा कागदावर उतरवावा. मग पुस्तक उघडून दोन गोष्टी ताडून पाहाव्यात: अर्थ ढळला नाही ना, आणि मूळचे चार-पाच शब्द ओळीने जसेच्या तसे आले नाहीत ना. आले असतील तर ते मोडावेत किंवा त्यांना अवतरणचिन्हे द्यावीत. टिपणे काढतानाच जो मजकूर शब्दशः उतरविला त्याला तत्क्षणी अवतरणचिन्हे आणि पृष्ठांक घालावा. महिन्याभराने वही चाळताना कोणते वाक्य आपले व कोणते पुस्तकातले, हे स्मरणावर सोपविले की अनवधानाने चौर्य घडतेच.

शब्दशः अवतरण केव्हा घ्यावे? मूळ शब्दयोजनाच महत्त्वाची असेल तेव्हा, किंवा ज्या मताचे खंडन करावयाचे ते मत पुढे ठेवताना. आकड्यांसाठी अवतरणाची गरज नसते. उदाहरणार्थ, वयाचा प्रश्न, क्ष यांच्या शब्दांत, "केवळ आकड्याचा न राहता पद्धतीचा झाला आहे" (पृ. ४१), एवढे घेतले की पुरे. अवतरणात आपला शब्द घालावा लागल्यास तो चौकटी कंसात घालावा आणि काही गाळल्यास तीन टिंबे द्यावीत. परंतु ही टिंबे जोखमीची आहेत. "त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले…" असा तुकडा कोणी दिला, तर त्यातला प्रत्येक शब्द क्ष यांचाच असूनही, जे मत त्यांनी पुढच्याच अर्धवाक्यात मागे टाकले तेच त्यांच्या मुखी घातल्यासारखे होते. गाळलेल्या भागाने अर्थ उलटत असेल तर अवतरण बिनचूक असूनही खोटे ठरते.

क्ष यांनी २०११ च्या ज्या निबंधाचा दाखला दिला, तो विद्यार्थ्याने स्वतः पाहिला नसेल तर संदर्भात 'जूर्दां व इतर, २०११' एवढेच लिहिणे अप्रामाणिक होय. 'जूर्दां व इतर, २०११. क्ष, २०१९, पृ. ४१ येथे उद्धृत' असे लिहावे. मराठी विश्वकोशातील नोंद वापरली असेल तर नोंदीखाली लेखकाचे नाव असते. ते नाव, नोंदीचे शीर्षक आणि खंड द्यावा, केवळ 'विश्वकोश' म्हणून थांबू नये.

मराठीतून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा घोटाळा भाषांतराच्या वाटेवर होतो. लोणारविषयीचे बहुतेक संशोधन इंग्रजीत आहे. १९७३ साली फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलेला निबंध, ज्याने उल्काघाताचे मत बळकट केले, तोही इंग्रजीतच आहे. त्यातील परिच्छेदाचा मराठी तर्जुमा केला की शब्द न् शब्द आपल्या हातचा वाटतो. पण वाक्यामागून वाक्य केलेले भाषांतर हे अवतरणच होय, आणि त्याला अवतरणचिन्हे, आधार व 'भाषांतर माझे' एवढी नोंद लागते. साम्य तपासणारी संगणकीय प्रणाली एकाच भाषेतील शब्दांच्या ओळी ताडते, त्यामुळे असा तर्जुमा सहसा तिच्या तावडीतून निसटतो. जाणत्या शिक्षकाच्या मात्र निसटत नाही. क्रियापद शेवटी येऊनही इंग्रजी वळणाचे राहिलेले वाक्य, मध्येच आलेला परक्या हवामानाचा उल्लेख, आणि जो विद्यार्थी वर्गात दोन वाक्ये नीट लिहीत नाही त्याच्या वहीतले निर्दोष शास्त्रीय पान, या खुणा त्याला पुरतात.

याउलट, जे विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे तेही स्पष्ट सांगावे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, हे सर्वश्रुत आहे. तो रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे आला, हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला निष्कर्ष असल्याने त्याला आधार हवा. आणि विद्यार्थ्याने काठावर उभे राहून पट्टीने पाण्याचा सामू स्वतः मोजला असेल, तर तेथे दिनांक, जागा आणि 'स्वतःचे निरीक्षण' असे लिहावे. वहीत खरे मोल याच ओळीला आहे, आणि उसन्या मजकुराच्या गर्दीत नेमकी तीच हरवते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्याचे स्तर ठरविले आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून देणे, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर सादरीकरणास मनाई, आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द. आधारासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, आणि सामान्य ज्ञानाचे वा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य या मोजणीतून वगळलेले आहे. हे स्तर पदव्युत्तर व संशोधनपर लेखनासाठी असून प्रकल्पवही, स्वाध्याय आणि उत्तरपत्रिका त्यांच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. तेव्हा १० टक्क्यांची सूट पदवीच्या वहीला लागू आहे, ही ऐकीव समजूत सोडून द्यावी. तेथे निर्णय महाविद्यालयाच्या नियमांचा आणि परीक्षकाच्या विवेकाचा असतो. शिवाय एकच चोरलेला विचार टक्केवारीत कधीच दिसत नाही.

म्हणून वही देण्यापूर्वी प्रत्येक परिच्छेदावर बोट ठेवून 'हे कोठून आले?' असे स्वतःलाच विचारावे. पुस्तकाचे पान उघडून दाखविता येत असेल, किंवा 'हे मी पाहिले' असे म्हणता येत असेल, तर ते वाक्य राहू द्यावे. दोहोंपैकी एकही उत्तर देता येत नसेल, तर आधार सापडेपर्यंत ते वाक्य खोडून टाकावे.