अर्धं वजन टाकून चंद्रावरून उड्डाण

२१ जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना घेऊन ‘ईगल’चा वरचा भाग चंद्रावरून उडाला. ढोबळ आकडे घेऊ: एकूण वस्तुमान ४,८०० किलो, त्यातलं २,४०० किलो इंधन आणि ऑक्सिडायझर. इंजिनातून वायू यानाच्या तुलनेत सेकंदाला सुमारे ३,०५० मीटर वेगाने मागे जात होता. एवढ्यावरून यान किती वेग घेईल, हे काढता येतं.

अडचण एकच: यानाचं वस्तुमान क्षणाक्षणाला घटतं. म्हणून एक छोटा क्षण पकडायचा. त्याच्या सुरुवातीला यानाचं वस्तुमान m, वेग v, म्हणजे संवेग mv. त्या क्षणात Δm इतका वायू u या सापेक्ष वेगाने मागे गेला आणि यानाचा वेग Δv ने वाढला. बाहेरचं बल नसेल, तर संवेगाची बेरीज तीच राहते:

mv = (m − Δm)(v + Δv) + Δm(v − u)

उजवीकडचे कंस सोडवले की बरंचसं आपसांत कटतं. Δm आणि Δv यांचा गुणाकार नगण्य म्हणून सोडला, की उरतं:

m Δv = u Δm

इथे एक चूक नेहमी होते. बाहेर पडलेल्या वायूचा संवेग विसरून फक्त यानाचा mv कायम धरला जातो. तसं केलं तर शून्य वेगाने उभं असलेलं यान कायमचं उभंच राहील! उत्तर चुकल्याची याहून स्पष्ट खूण नाही.

आता समीकरण काय सांगतं ते पाहा. पहिला किलो वायू ४,८०० किलोंना ढकलतो, म्हणून वेग सेकंदाला जेमतेम ०.६४ मीटरने वाढतो. शेवटचा किलो २,४०० किलोंना ढकलतो आणि १.२७ मीटरची भर घालतो. इंधन तेच, पण काम दुप्पट. अशा सगळ्या चिमुकल्या वाढींची बेरीज, म्हणजेच संकलन केलं की मिळतं:

v = u ln(m₀/m₁)

इथे m₀ सुरुवातीचं वस्तुमान, m₁ उरलेलं आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. रशियाच्या त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेलं हेच ते सूत्र.

‘ईगल’साठी गुणोत्तर २, ln 2 म्हणजे ०.६९३, वेग सेकंदाला सुमारे २,११० मीटर. चंद्राजवळच्या कक्षेला सुमारे १,७०० लागतात. वरची शिल्लक चैन नव्हे. सूत्रात गुरुत्वाकर्षण धरलेलं नाही, आणि इंजिन चालू असलेली सात मिनिटं चंद्र यानाला खाली ओढतच होता.

पृथ्वीवरून कक्षेत जायला असे तोटे धरून सुमारे ९,४०० मीटर प्रतिसेकंद लागतात. त्याच वायुवेगाने गुणोत्तर जवळपास २२ होतं. म्हणजे टाक्या, इंजिन आणि माणसं मिळून सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्क्यांतही बसायला हवीत. म्हणूनच ‘ईगल’ला चंद्रावरून परतायला एक टप्पा पुरला, पण त्याला पृथ्वीवरून नेणाऱ्या सॅटर्न-५ला तीन टप्पे लागले.