रविवार खंडोबाचा

माउली, रविवारची सुट्टी आयती मिळालेली नाही बरं का. मुंबईच्या गिरणीत माणूस सातही दिवस राबायचा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली : रविवार खंडोबाचा वार, त्या दिवशी देवाचं करायला, अंग टाकायला मोकळीक द्या. १० जून १८९० ला मालकांनी ती कबूल केली.

आता आपल्या पाथर्डी-शेवगावकडं बघा. दिवाळीच्या सुमाराला माणसं कोयता घेऊन कारखान्यावर जातात. उचल आधीच घेतलेली. एक दिवस बसलं की खाडा, अन् तो मुकादम हिशेबात कापतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळं एक आजारी पडला तरी दोघांची मजुरी बुडते.

एक बाई मला म्हणाली, "महाराज, तापानं फणफणले तरी फडात जाते, एकादशी कशी धरू?" मी म्हटलं, उपास करूच नको. मोळ्या वाहणाऱ्या अंगाला तो सोसत नाही, भोवळ येते. गाडी काट्यावर नंबरात उभी असते, तेवढ्यात नाम घे. पण नामानं पाठ मोकळी होत नाही, हेही खरंच. म्हणून उचल घेतानाच टोळीनं ठरवून घ्यावं : आठवड्याला एक नाही, तर निदान एकादशी बिनखाड्याची. एकट्याचं मुकादम ऐकत नाही. लोखंड्यांनीही हजारो कामगार जमवूनच मागितलं होतं.