चोवीस तासांच्या बाजाराचा दिवस कुठे संपतो?

दुपारचे साडेतीन वाजले की राष्ट्रीय शेअर बाजारातले नेहमीचे सौदे थांबतात. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी काढून त्या दिवसाचा बंद भाव ठरवायची पद्धत तिथे वर्षानुवर्षे चालत आली आहे. या भावाला वजन असतं, कारण शेअर हातात ठेवून रात्र काढायची की विकून मोकळं व्हायचं, हे प्रत्येकाला साडेतीनच्या आत ठरवावंच लागतं.

चार्ट बघणाऱ्यांची बहुतेक हत्यारं अशाच उघडणाऱ्या-मिटणाऱ्या बाजारांत घडली. वेल्स वाइल्डर या अमेरिकी अभियंत्याने १९७८ साली आपल्या पुस्तकात आरएसआय आणि एटीआर हे इंडिकेटर मांडले. दोन्ही रोजच्या भावांवर चालतात आणि दोन्हींत १४ दिवसांचा हिशेब असतो. एटीआर म्हणजे भाव दिवसाला सरासरी किती हलतो त्याचं माप. काल बंद झालेला भाव आणि आजचा व्यवहार यांत पडलेली उडीही त्यात मोजली जावी, अशी सोय वाइल्डरने केली होती.

बिटकॉइनला मात्र ना घंटा आहे ना सुट्टी. त्याचे सौदे रविवारी पहाटे तीन वाजताही होतात. तरीही चार्टवर रोजची कँडल दिसते आणि तिला बंद भावही असतो. हा भाव बाजाराने दिलेला नसतो, कुणीतरी घड्याळाकडे बघून रेष ओढलेली असते. पंचांगात सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती साधारणपणे त्या दिवसाची धरतात, तसाच हा संकेत आहे. रेष दुसरीकडे ओढली, तर तेच सौदे वेगळा दिवस दाखवतात.

हा फरक किती पडू शकतो, ते एका कल्पित पण नेहमी घडण्याजोग्या बुधवारी पाहू. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेड, व्याजदराचा निर्णय वॉशिंग्टनच्या वेळेनुसार दुपारी दोनला जाहीर करते आणि अडीचला अध्यक्षांची पत्रकार परिषद सुरू होते. तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल, तर आपल्याकडे निर्णय येतो रात्री साडेअकराला आणि पत्रकार परिषद सुरू होते बरोबर मध्यरात्री.

समजा, बुधवार लागताना, म्हणजे मंगळवारच्या मध्यरात्री, बिटकॉइन ६०,००० डॉलरवर होता आणि पहाटे साडेपाचला ६०,२०० वर. संध्याकाळी सातला तो ५९,००० पर्यंत घसरला. निर्णय बाजाराला आवडला आणि बुधवारी मध्यरात्रीच्या ठोक्याला भाव ६१,२०० झाला. पत्रकार परिषदेच्या पहिल्या काही मिनिटांत तो ६२,००० ला शिवला. मग अध्यक्षांच्या उत्तरांनी हवा फिरली, अडीचला भाव ६०,५०० वर आला आणि गुरुवारी पहाटे साडेपाचला ६०,४०० वर.

आता आपल्या मध्यरात्रीला रेष ओढली, तर बुधवारची कँडल ६०,००० ला उघडते आणि ६१,२०० ला, म्हणजे दिवसाच्या उच्चांकावरच, बंद होते. चार्ट वाचणारा म्हणेल, जोरदार तेजी. पहाटे साडेपाचची रेष धरली, तर कँडल ६०,२०० ला उघडून ६०,४०० ला बंद होते. वर-खाली लांब शेंड्या आणि मध्ये चिमुकलं अंग. याचा अर्थ चढाओढ झाली, निकाल लागला नाही. पहिल्या हिशेबाने दिवसाची हालचाल २,२०० डॉलरची, दुसऱ्याने ३,००० ची. सौदे मात्र त्याच एका बाजारातले.

या दिवशी २० दिवसांची सरासरी ६०,८०० आहे असं धरू, आणि नियम असा की बंद भाव सरासरीच्या वर गेला तर खरेदी करायची. मध्यरात्रीच्या चार्टवर खरेदीचा इशारा मिळतो, साडेपाचच्या चार्टवर मिळत नाही. इथे सरासरीवर फारसा दोष येत नाही. दोन बंद भावांतला ८०० डॉलरचा फरक २० दिवसांत वाटला गेला, की सरासरीत फक्त ४० डॉलर उतरतो. पण त्या सरासरीशी ज्या एका बंद भावाची तुलना होते, त्यात हा फरक पूर्णच्या पूर्ण येतो. म्हणून दोन चार्टांवरच्या सरासरीच्या रेषा जवळपास एकावर एक बसतात आणि इशारे मात्र वेगळे निघतात.

मग रेष कुठे ओढावी? या बाबतीत परकीय चलनाच्या बाजाराचा अनुभव जुना आहे. तो आठवड्यातले पाच दिवस अखंड चालतो आणि त्याचा दिवस न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला संपला असं मानतात. त्यानंतर केलेल्या सौद्याची पूर्ततेची तारीख एक दिवस पुढे जाते, आणि उघडा ठेवलेला सौदा पाच ओलांडून गेला की त्यावर एका रात्रीच्या व्याजाचा फरक लागतो किंवा मिळतो. म्हणजे पाच वाजता खरोखर हिशेब बदलतो. शिवाय तेव्हा न्यूयॉर्कची मंडळी घरी निघालेली असतात आणि आशियाचा बाजार नुकता जागा होत असतो. मोठी बातमी आणि तिचे पडसाद बहुधा एकाच कँडलमध्ये मावतात.

बिटकॉइनचे बहुतेक चार्ट यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला, दिवस बदलतात. त्यालाही आधार आहे. न्यूयॉर्कचा शेअर बाजार मिटून काही तास झालेले असतात आणि टोकियोचा त्याच क्षणी उघडतो. अनेक मोठ्या एक्स्चेंजवर मुदत नसलेल्या वायद्यांचं फंडिंग, म्हणजे तेजीवाले आणि मंदीवाले एकमेकांना देतात ती रक्कम, दर आठ तासांनी वळती होते आणि त्यातली एक वेळ हीच असते. मुख्य म्हणजे जगभरचे ट्रेडर हीच कँडल बघतात. बंद भाव अमुक पातळीच्या वर गेला अशी चर्चा होते, ती याच भावाची.

तिसरा दावेदार न्यूयॉर्कच्या दुपारी चारचा. जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ सुरू झाले आणि त्यांचा दिवस तिथल्या शेअर बाजाराबरोबर संपतो. बिटकॉइनची तुलना शेअर निर्देशांकाशी करायची असेल, तर दोन्हींचे भाव याच घटकेचे घ्यावेत. नाहीतर एकाचा संध्याकाळचा भाव दुसऱ्याच्या रात्रीच्या भावाशी जोडला जातो आणि दोघांतलं नातं आहे त्यापेक्षा सैल दिसतं.

भारतीय मध्यरात्र आपल्याला सोयीची वाटते, पण अमेरिकी उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कच्या दुपारी अडीचला पडते. तिकडचा शेअर बाजार तेव्हा भरात असतो आणि आपली रेष त्याचे दोन तुकडे करते. आपल्या बुधवारी नेमकं हेच झालं. साडेपाचची रेष घ्या किंवा न्यूयॉर्कच्या पाचची, म्हणजे आपल्या रात्री अडीचची, दोन्हींवर भाव ६०,८०० च्या खालीच राहिला. खरेदीचा इशारा दिला तो एकट्या मध्यरात्रीने.

रेष चुकीच्या जागी असल्याची सगळ्यात ठळक खूण परकीय चलनाच्या चार्टवर दिसते. आठवड्याच्या कँडली मोजा. पाच भरल्या तर ठीक, सहा भरल्या तर रविवारचा तुकडा आत शिरला आहे. हा बाजार न्यूयॉर्कच्या रविवारी संध्याकाळी पाचला उघडतो आणि यूटीसीच्या मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या चार्टवर पहिल्या दोन-तीन तासांची वेगळी कँडल बनते. समजा, युरो-डॉलर दिवसाला ७० पिप हलतो आणि या तुकड्यात फक्त १५. चौदा कँडलींत असे तीन तुकडे आले, तर सरासरी हालचाल ७० वरून ५८ वर येते. बाजार तेवढाच उसळत असतो, पण एटीआरवर बेतलेला स्टॉपलॉस भावाच्या जवळ सरकतो आणि विनाकारण उडतो. म्हणूनच बरेच ब्रोकर आपल्या सर्व्हरचं घड्याळ हिवाळ्यात यूटीसीच्या दोन आणि उन्हाळ्यात तीन तास पुढे ठेवतात. तसं केलं की सर्व्हरची मध्यरात्र न्यूयॉर्कच्या पाचला जुळते. चार्टवर दिसणारी वेळ नुसती भारतीय करून घेतली, तर रोजची कँडल बहुधा बदलत नाही, फक्त तासांचे आकडे बदलतात.

बिटकॉइनला रविवारचा तुकडा नसतो, पण शनिवार-रविवारच्या दोन पूर्ण कँडली असतात, आणि त्या दिवशी उलाढाल सहसा पातळ असते. त्यामुळे इंडिकेटरचे दिवसही बदलतात. शेअर बाजारात २०० दिवस म्हणजे ४० आठवडे, बिटकॉइनमध्ये जेमतेम साडेअठ्ठावीस. शेअरच्या २०० दिवसांच्या सरासरीत जेवढा काळ मावतो तेवढाच हवा असेल, तर बिटकॉइनला २८० दिवस घ्यावे लागतील. सगळे बघतात तीच रेष हवी असेल, तर २०० ठेवावेत. दोन्हींत तथ्य आहे, फक्त आपण कोणतं कारण धरून चाललो आहोत ते ठाऊक असावं.

भारतात बसलेल्या माणसाला साडेपाचची वेळ एका अर्थी फायद्याची आहे. रात्री दहाला चार्ट बघितला, तर दिवसाचे साडेसात तास अजून बाकी असतात आणि दिसणारा आरएसआय सकाळपर्यंत पालटू शकतो. सहाला उठून बघितलं, तर कँडल पक्की झालेली असते. रोजच्या भावांवर चालणाऱ्या नियमात अर्ध्या तासाच्या उशिराने सहसा फार बिघडत नाही, अर्धवट कँडलवर घेतलेल्या निर्णयाने मात्र बिघडतं.

ज्यांना आपला नियम पारखून घ्यायचा आहे, त्यांनी तासातासाचे जुने भाव घेऊन दिवस चोवीस वेगवेगळ्या तासांना संपवून बघावा आणि प्रत्येक वेळी तोच नियम चालवावा. चोवीस निकाल थोड्या फरकाने एकसारखे आले, तर नियमात काही दम आहे. तेवीस ठिकाणी तोटा आणि एकाच तासाला घसघशीत नफा दिसला, तर तो तास निवडायचा मोह टाळावा, कारण ती जुन्या आकड्यांतली योगायोगाची जुळणी असण्याची शक्यता फार मोठी. काही जण भांडवलाचे तीन-चार भाग करून प्रत्येक भागाला वेगळी बंद वेळ देतात. मग आपल्या त्या बुधवारी सगळ्या पैशांची खरेदी झाली नसती, फक्त मध्यरात्रीची वेळ दिलेल्या भागाची झाली असती.