कुंडीतील अबोली

तळेरे गावच्या मुसळधार पावसात पागोळीखाली ठेवलेली अबोली पाने गाळू लागली, की ती तहानेली आहे असे समजून पाणी वाढविले जाते. वस्तुतः चिंब मातीत मुळे कुजल्यामुळेच पाने पिवळी पडून गळत असतात. सबब कुंडी पागोळीतून काढून, सकाळचे तीन-चार तास ऊन लाभेल अशा पडवीच्या कडेला ठेवावी, आणि बोटाचे एक पेर खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. दाट सावलीत पाने हिरवीगार राहतात, परंतु तुरे विरळ येतात. तुरा बहुधा फांदीच्या शेंड्याकडे धरतो. म्हणून कोवळा शेंडा पानांच्या जोडीवर खुडावा, म्हणजे त्या जोडीच्या बगलेतून नव्या फांद्या फुटून तुरेही वाढतात. फुले सरलेला तुरा बोंडे पिकण्यापूर्वीच देठासकट काढावा. फुलांच्या तुटवड्यास माझ्या मते असे तुरे वेळीच न काढण्याची हयगयच बहुतांशी कारण असते.